दार साडेतीन फुटांचं, माळ सेहेचाळीस फुटांची

फ्लॅटचं मुख्य दार साधारण साडेतीन फूट रुंद आणि सात फूट उंच असतं. वास्तुशांतीला त्या दारावर फुलांची सजावट करायची ठरली, की घरची मंडळी दोन-तीन डेकोरेटरना एकच फोटो पाठवतात. एक जण अडीच हजार सांगतो, दुसरा साडेचार, तिसरा सहा. फोटो तोच, दार तेच, मुहूर्तही तोच. मग स्वस्तवाला फुलं शिळी आणेल का, आणि महागवाला लुबाडतोय का, अशा दोन शंकांमध्ये घर अडकून पडतं. या शंका बहुतेक वेळा अस्थानी असतात. तिघांनी त्या फोटोत तीन वेगवेगळ्या लांबीच्या माळा पाहिलेल्या असतात, एवढंच.

फुलसजावटीचा हिशेब फुटांत सुरू होतो. फुटांवरून किलो निघतात, किलोंवरून ओवायचे तास निघतात आणि या दोन्हींवरून रुपये ठरतात. लहान लग्न आणि वास्तुशांत या दोन प्रसंगांत हा हिशेब अगदी स्वच्छ दिसतो, कारण सगळं सामान मोजून दाखवता येतं. पुण्यातली दोन कामं उदाहरणादाखल घेऊ. एक म्हणजे धायरीसारख्या भागातल्या नव्या इमारतीत सातव्या मजल्यावरची वास्तुशांत. दुसरं म्हणजे दीडशे पाहुण्यांचं, छोट्या हॉलमधलं लग्न.

आधी दार. चौकटीच्या दोन्ही बाजू सात-सात फूट आणि वरची पट्टी साडेतीन फूट, म्हणजे एक फेरा साडेसतरा फुटांचा झाला. एकेरी माळ चौकटीवर बारीक दिसते आणि मधून लाकूड डोकावतं. म्हणून पिवळी आणि केशरी अशा दोन माळा शेजारी-शेजारी घेतात. झाले पस्तीस फूट. वरच्या पट्टीवरून खाली सोडायच्या लडी वेगळ्या. चार इंचांवर एक धरली तर साडेतीन फुटांत अकरा लडी बसतात आणि सरासरी फूटभर लांबीच्या धरल्या तर त्यांचे अकरा फूट होतात. एकूण सेहेचाळीस फूट माळ लागते.

आता झेंडू. मध्यम आकाराचं फूल सात-आठ ग्रॅम भरतं. फुलाला फूल टेकवून घट्ट ओवलं तर एका फुटाला अकरा-बारा फुलं लागतात. म्हणजे एका किलोत अंदाजे अकरा फुटांची माळ होते. सेहेचाळीस फुटांना सव्वाचार किलो लागतात. त्यात मोडकी, चेमटलेली, फार बारीक फुलं बाजूला पडणार, म्हणून पंधरा टक्के जास्त धरले की पाच किलो होतात. पाचशेहून अधिक फुलं सुईतून जाणार, हे इथेच कळतं. अडीच हजार सांगणारा आणि सहा हजार सांगणारा यांच्यातला फरकही इथेच असतो. एकाने एकेरी फेरा आणि सात लडी धरलेल्या असतात, दुसऱ्याने तिहेरी फेरा आणि कोपऱ्यांत शेवंतीचे गुच्छ. म्हणून भाव विचारताना फोटोबरोबर ‘चौकटीला किती पदरी माळ आणि वर किती लडी’ एवढं विचारलं, तरी तिन्ही आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहता येतात.

लडींच्या लांबीत एक बारकावा आहे. सात फुटांच्या दारावरून फूटभर लांबीची लड सोडली की खाली सहा फूट उरतात. रोजच्या वावराला ते पुरतं. पण गृहप्रवेशाला घरातली बाई कळश घेऊन आत येते, देव ताम्हणात घेतलेले असतात, मागून कुणी तरी लहान मूल खांद्यावर बसवून येतं. मधल्या लडी डोक्याला आणि कळशातल्या नारळाला लागतात, फुलं गळतात, माळ सुटते. जाणता कारागीर मधल्या तीन-चार लडी चार ते सहा इंचांच्याच ठेवतो आणि कडेला जाता जाता लांबी दीड फुटापर्यंत वाढवतो. एकूण फूट तेवढेच लागतात, दाराला कमानीचा आकार येतो आणि ये-जा मोकळी राहते.

फ्लॅटच्या दाराची आणखी एक अडचण फोटोत कधी दिसत नाही. बाहेर उघडणारा सेफ्टी डोअर असेल तर बिजागरीच्या बाजूची माळ पहिल्यांदा दार उघडताच चिरडते. अशा घरी माळ चौकटीच्या बाहेर, भिंतीवर दोन-तीन इंच सरकवून लावावी लागते किंवा सेफ्टी डोअर दिवसभर उघडा बांधून ठेवावा लागतो. भिंतीवर लावायची म्हटली की नव्या रंगाचा प्रश्न येतो. चिकटपट्टी ताज्या रंगाचा पापुद्रा घेऊन निघते आणि ओला झेंडू घासला गेला की पांढऱ्या भिंतीवर केशरी डाग पडतो. तो पुसायला जावं तर आणखी पसरतो. म्हणून फुलं कोरडी हवीत, माळेमागे आंब्याच्या पानांची रांग हवी आणि आधार चौकटीच्या वरच्या कडेवर अडकवलेल्या आडव्या काठीचा किंवा दोरीचा हवा. आंब्याची पानं शुभ म्हणून लावतातच. ती भिंत आणि फूल यांच्यात अस्तराचंही काम करतात.

फुलं येतात कुठून? पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या फूलबाजारात, मुंबईत दादर स्टेशनच्या पश्चिमेला असलेल्या फूल मंडईत. पुण्याच्या बाजारात झेंडू पुरंदर-सासवडच्या पट्ट्यातून आणि आसपासच्या तालुक्यांतून येतो. मावळात, तळेगावच्या बाजूला पॉलिहाउसं आहेत. तिथून डच गुलाब आणि जरबेरा येतात. मोगऱ्यासाठी मुंबईकडे पालघर जिल्ह्यातला जव्हार-विक्रमगडचा भाग ओळखला जातो. ऑर्किड मात्र बरंचसं थायलंडहून विमानाने येतं, म्हणून लहान सेटअपमध्ये ते दोन-चार काड्यांपुरतं शोभतं. त्याहून जास्त घातलं तर सगळा हिशेब त्याच्याच मागे जातो.

बाजारात दोन प्रकारचा माल असतो आणि तो दोन पद्धतींनी विकला जातो. झेंडू, शेवंती, अ‍ॅस्टर, गुलछडी ही सुटी फुलं किलोवर जातात. गुलाब, जरबेरा, कार्नेशन ही देठाची फुलं गड्डीवर जातात. जरबेराच्या गड्डीत दहा, डच गुलाबाच्या गड्डीत वीस फुलं असतात. आडत्याच्या गाळ्यावर माल मोठ्या तोलाने उठतो. पाच किलो हवे असलेल्या गिऱ्हाइकाने त्याच आवारातल्या किरकोळ विक्रेत्याकडे जावं. किलोमागे काही रुपये जास्त जातात, पण फूल निवडून घेता येतं. घरच्या घरी सजावट करणाऱ्यांना हाच मार्ग बरा.

निवडताना पहिलं पाहायचं ते पाणी. पावसाळ्यात आणि परतीच्या पावसात भिजलेला झेंडू बाजारात भरपूर येतो आणि तो सुक्या मालाहून स्वस्त मिळतो. दिसायला तो टवटवीत असतो. पण पाकळ्यांत अडकलेलं पाणी वजनात मोजलं जातं, म्हणजे पाच किलो घेतले तरी फुलं कमी येतात. शिवाय पोत्यात तासभर दाबून राहिला की आतून तापतो, पाकळ्या काळवंडतात आणि ओवताना फूल सुटं होतं. मूठभर फुलं हातात घेऊन झटकली आणि थेंब उडाले, तर तो माल रात्रभर टिकणार नाही असं समजावं. झेंडूचं देठाकडचं हिरवं बोंड दोन बोटांत दाबून पाहतात. ताज्या फुलाचं बोंड कडक लागतं. पिवळट आणि मऊ लागलं तर फूल दोन-तीन दिवसांपूर्वी तोडलेलं आहे. गुलाबाची कळी देठाजवळच्या फुगीर भागात हलकेच दाबायची. तीही घट्ट हवी. शेवंती उलटी करून खालच्या पाकळ्या बघायच्या, कारण वरून पांढरीशुभ्र दिसणारी शेवंती खालून आधी तपकिरी पडते.

विकत घेतल्यावरचे बारा तास विकत घेण्याइतकेच महत्त्वाचे असतात. झेंडू पोत्यातून काढून चादरीवर किंवा वर्तमानपत्रावर पातळ थरात पसरायचा, पंख्याखाली ठेवायचा, वर पाणी मारायचं नाही. गुलाबाची खालची पानं काढून देठाला तिरका छेद द्यायचा आणि अर्ध्या बादली पाण्यात उभे करायचे. जरबेराला मात्र एवढं पाणी दिलं तर घात होतो. त्याचा देठ लुसलुशीत आणि आतून पोकळ असतो, तो बुडाला की सडतो. मग फूल ऐन कार्यक्रमात मान टाकतं. जरबेरा दोन-तीन इंच पाण्यातच ठेवतात आणि फुलावरची प्लॅस्टिकची टोपी अगदी लावायच्या वेळी काढतात. आणखी एक गोष्ट घरात हमखास चुकते. पूजेची केळी, सफरचंदं, आंबे ज्या खोलीत ठेवलेत, त्याच खोलीत फुलं ठेवतात. पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात, आणि त्याने मोगरा, कार्नेशन, ऑर्किड अशी नाजूक फुलं लवकर मिटतात किंवा गळतात. फळं एका खोलीत आणि फुलं दुसऱ्या खोलीत ठेवली, की एवढंही नुकसान होत नाही.

वास्तुशांतीचा विधी सकाळी असतो, म्हणून माळा आदल्या रात्री ओवून पहाटे लावायच्या, हा क्रम ठरलेला. रात्रीच लावून टाकाव्यात असा मोह होतो, पण नवा फ्लॅट बंद असतो, हवा कोंडलेली असते आणि दाराजवळ सुताराचं किंवा रंगाऱ्याचं काही तरी चालू असतं. ओवलेल्या माळा ओल्या सुती कापडाखाली टोपलीत ठेवल्या तर सकाळी पाच-साडेपाचला लावताना कडक असतात. होमाचा धूर आणि धग मात्र लक्षात घ्यावी लागते. होम हॉलमध्ये असेल, तर त्याच्यामागच्या भिंतीवर मोगरा किंवा गुलछडी लावू नये. झेंडू आणि पानं ती धग सोसतात. पूजेच्या चौरंगाला केळीचे चार खुंट बांधून वर एकच माळ फिरवली, की मखर पुरेसं भरून दिसतं. तिथे आणखी फुलं घालायची गरज नाही, कारण गुरुजी आणि यजमान समोर बसले की चौरंगाचा खालचा भाग दिसतच नाही.

आता या दाराचे पैसे. बाजारभाव रोज हलतो, त्यामुळे खालचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. त्या दिवशी झेंडू ८० रुपये किलो मिळाला असं धरू. पाच किलोंचे ४०० रुपये. आंब्याचे डहाळे ६०, केळीच्या खुंटांची जोडी २००, दोरा आणि हूक ९०. दोन माणसं रात्री ओवणार आणि पहाटे लावणार, त्यांची अर्ध्या-अर्ध्या दिवसाची मजुरी १,०००. बाजारातून घरी आणि घरून साइटवर जाण्याचा खर्च ३००. बेरीज २,०५० रुपये होते. त्यावर डेकोरेटरचा नफा, फोनवरची धावपळ आणि न ठरलेल्या कामांचा वेळ मिळून तीस टक्के धरले, तर किंमत २,७०० रुपयांच्या आसपास बसते.

या बेरजेतली नजरेत भरणारी गोष्ट म्हणजे झेंडूचे ४०० रुपये. एकूण खर्चात फूल पाचव्या हिश्शाइतकंच आहे. निम्मा खर्च हातांचा आहे. म्हणून ‘फुलं आम्ही आणून देतो, तुम्ही फक्त लावा’ असं सांगितल्यावर डेकोरेटर किंमत फारशी उतरवत नाही, तेव्हा त्याच्यावर रागावण्याचं कारण नाही. उलट घरात ओवणारे चार हात असतील, तर खरी बचत तिथे होते. मावश्या-काकवा रात्री गप्पा मारत माळा ओवतात आणि पहाटे फक्त एक लावणारा माणूस बोलावतात, अशी वास्तुशांत आजही कितीतरी घरांत होते.

पण तोच झेंडू दसऱ्याच्या आदल्या दिवशी २०० रुपये किलो झाला, तर ४०० चे १,००० होतात आणि सेटअपचा खर्च सहाशेने वाढतो. भाव कधी चढतो, हे कॅलेंडर पाहून बरंचसं सांगता येतं. दसरा, दिवाळी, गणपती, पाडवा हे तर उघडच. मार्गशीर्षातले गुरुवार अनेकांच्या लक्षात राहत नाहीत. घरोघरी महालक्ष्मीची पूजा असते, त्यामुळे बुधवारी बाजारात फुलांची ओढ असते, आणि त्याच महिन्यात लग्नाच्या तिथीही दाट असतात. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात गुलाब चढतो, कारण मावळातला चांगला माल व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी आणि दिल्ली-मुंबईच्या बाजारांत जातो. पितृपक्षात लग्नं-वास्तू नसल्याने मागणी मंदावते. तारीख ठरवताना फुलांचा भाव कुणी बघत नाही आणि बघूही नये, पण कोणतं फूल घ्यायचं हे तारखेवरून ठरवायला काहीच हरकत नाही. फेब्रुवारीतल्या लग्नात गुलाबाऐवजी शेवंती आणि जरबेरा, मे महिन्यातल्या लग्नात मोगऱ्याच्या माळा. उन्हाळा हा मोगऱ्याचा हंगाम असतो आणि संध्याकाळच्या स्वागत समारंभाला त्याचा सुगंधही ऐन बहरात असतो.

आता हॉलमधलं स्टेज. इथे मोजमापाचा परिणाम दारापेक्षा कितीतरी मोठा होतो. वधू-वरांच्या मागचा पडदा बारा फूट रुंद आणि आठ फूट उंच आहे असं धरू. तो संपूर्ण झेंडूने भरायचा म्हटलं, तर माळ दोन इंच जाड असते, म्हणून बारा फुटांत बहात्तर माळा बसतात. प्रत्येकी आठ फूट, म्हणजे ५७६ फूट. किलोला अकरा फूट या मापाने बावन्न किलो, तुटफूट धरून साठ किलो झेंडू आणि सहा हजारांहून जास्त फुलं. ती ओवायला रात्रभर पाच-सहा माणसं बसवावी लागतात.

त्याच पडद्यावर माळांमध्ये सहा इंचांचं अंतर ठेवलं, तर पंचवीस माळा पुरतात. मागचं कापड गर्द हिरवं किंवा मरून असेल, तर मधली जागा रिकामी वाटत नाही. झेंडूचा पिवळा रंग कापडावर उठून दिसतो. आता स्टेजवरचा सोफा पाहा. सोफ्याची पाठ तीन फुटांच्या आसपास असते, आणि स्वागत समारंभात वधू-वर उभे राहिले, शेजारी आई-वडील उभे राहिले, की पडद्याचा खालचा तीन फुटांचा पट्टा एकाही फोटोत येत नाही. मंगलाष्टकांच्या वेळीही नजर वरच असते. मध्ये अंतरपाट, दोन्ही बाजूंना मामा आणि करवल्या. म्हणजे माळा वरून पाच फूटच सोडल्या तरी चालतात. पंचवीस माळा गुणिले पाच फूट, सव्वाशे फूट. साडेअकरा किलो, तुटफूट धरून तेरा किलो. साठ किलोंचं काम तेरा किलोंवर आलं आणि समोरच्या खुर्चीतून पाहणाऱ्याला स्टेज भरलेलंच दिसतं. लहान लग्नाच्या बजेटमध्ये यापेक्षा मोठी बचत दुसरीकडे कुठेही होत नाही.

वाचलेल्या पैशांतून पडद्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांत देठाच्या फुलांचे गुच्छ करतात, कारण फोटोत वधू-वरांच्या डोक्याच्या उंचीवर तेच येतात. सहा गड्ड्या जरबेरा, चार गड्ड्या गुलाब, थोडी शेवंती आणि भरपूर हिरवा पाला. हे सगळं हिरव्या फोमच्या विटांत खोचतात. फोम भिजवायची एक पद्धत आहे आणि ती चुकली तर सगळी फुलं दोन तासांत माना टाकतात. पाण्याने भरलेल्या टबात वीट अलगद ठेवायची आणि ती स्वतःहून बुडेपर्यंत थांबायचं. घाईने हाताने दाबून बुडवली की बाहेरून ओली होते, आत हवा अडकून गाभा कोरडा राहतो. देठ नेमका त्या कोरड्या गाभ्यात जातो आणि पाणी असूनही फूल तहानेने सुकतं. एकदा भिजवून वाळलेली वीट पुन्हा नीट पाणी धरत नाही, म्हणून जुनी वीट वापरून पैसे वाचवू नयेत.

वजनाचा विचार इथे करावाच लागतो. भिजलेली एक वीट दोन किलोंच्या आसपास भरते. सहा विटा म्हणजे बारा किलो. त्याशिवाय झेंडूच्या पाच फुटी माळा अर्ध्या किलोला थोड्या कमी, अशा पंचवीस. हा सगळा भार फ्रेमच्या वरच्या आडव्या पाइपावर येतो. पायाशी वाळूच्या गोण्या नसतील तर कुणी कापड ओढलं, लहान मुलं मागे खेळायला गेली, किंवा लॉनवर वाऱ्याचा झोत आला, की फ्रेम पुढे झुकते. काम घेतल्यावर डेकोरेटरला ‘फ्रेमच्या पायाला वजन काय ठेवणार’ असं विचारायला संकोच वाटू देऊ नये. ज्याला पटकन उत्तर देता येतं, त्याने हे काम खूपदा केलेलं असतं.

रंगाचं म्हणाल, तर हॉलचे दिवे आधी पाहून यावेत. पांढऱ्या पडद्यावर गुलछडीच्या माळा हातात घेऊन सुंदर दिसतात आणि स्टेजवर दहा फुटांवरून दिसेनाशा होतात. जांभळा अ‍ॅस्टर पिवळ्या दिव्यात काळपट होतो.

स्टेजचा खर्च असा बसतो. तेरा किलो झेंडू १,०४०, जरबेरा गड्डी ६० प्रमाणे ३६०, गुलाब गड्डी १५० प्रमाणे ६००, शेवंती आणि पाला ४००, फोम ३६०. फ्रेम आणि कापडाचं भाडं २,०००. चार माणसं ओवण्यापासून उभारणीपर्यंत, प्रत्येकी ९०० प्रमाणे ३,६००. टेम्पो जाऊन-येऊन १,८००. रात्री काढायला दोन माणसं, ८००. बेरीज १०,९६० आणि पंचवीस टक्के वर धरले की १३,७०० रुपये. फुलं आणि पाला मिळून यात २,४०० रुपयांचे आहेत. टेम्पो आणि काढणी मिळून त्याहून जास्त जातात.

म्हणूनच सेटअपवर किंमत सांगण्याची पद्धत चांगली आहे, पण सेटअपमध्ये काय धरलंय ते लिहून घेतलेलं असावं. प्रवेशद्वार आणि स्टेज एकाच डेकोरेटरला दिलं तर टेम्पो एकच फेरी करतो, तीच चार माणसं दोन्ही कामं करतात आणि दाराचे २,७०० सहज २,००० वर येतात. दोन वेगळ्या लोकांना दिलं तर टेम्पोही दोन येतात. हॉलच्या कराराचा कागदही आधी वाचावा. पुष्कळ हॉलमध्ये ठरलेलाच डेकोरेटर घ्यावा लागतो, आणि बाहेरचा आणला तर हॉल वेगळी रक्कम लावतो; ती रक्कम कोण देणार, हे न बोलता राहिलं की लग्नाच्या आदल्या रात्री वाद होतो. हॉल ताब्यात किती वाजता मिळणार, हेही विचारून ठेवावं. आदल्या संध्याकाळी दुसरा समारंभ असेल तर उभारणी रात्री बाराला सुरू होते आणि मजुरीचा दर रात्रपाळीचा लागतो.

फुलांच्या भावाची जोखीम कोणी घ्यायची, हा खरा वाटाघाटीचा मुद्दा. दोन महिने आधी ठरलेल्या किमतीत डेकोरेटर स्वतःला सांभाळण्यासाठी भाव चढाच धरतो, आणि त्या दिवशी बाजार पडला तरी गिऱ्हाइकाला काही परत मिळत नाही. त्यापेक्षा मजुरी, फ्रेम, टेम्पो यांची रक्कम पक्की करावी. फुलांचे किलो आणि गड्ड्या लिहाव्यात आणि त्यांचा भाव ‘त्या दिवशीच्या बाजाराप्रमाणे, पण कमाल अमुक’ असा ठेवावा. झेंडू ८० धरला आणि कमाल १५० ठरवली, तर तेरा किलोंवर गिऱ्हाइकाची जोखीम ९१० रुपयांवर थांबते. एखादं फूल मिळालंच नाही तर बदली काय घालणार, तेही त्याच कागदावर यावं. ‘जरबेरा नाही मिळाला तर त्याच रंगाची शेवंती’ एवढी एक ओळ पुरते. आगाऊ रक्कम निम्मी देण्याचा रिवाज ठीक आहे; बाकीची रक्कम उभारणी पाहून झाल्यावर द्यावी.

काढणीचं काम उभारणीआधीच ठरवून ठेवावं लागतं, कारण रात्री अकराला पाहुणे जेवून निघाले की हॉलवाला जागा रिकामी मागतो. निर्माल्य कुठे जाणार, हे डेकोरेटरने सांगायला हवं. झेंडू आणि पाला खतात जातो, पण आधी माळेतून दोरा ओढून काढावा लागतो; सुती दोरा कुजतो, नायलॉनचा कुजत नाही आणि खताच्या खड्ड्यात वर्षानुवर्षं गुंतून राहतो. म्हणून ओवायलाच सुती दोरा घ्यावा. जड माळेसाठी तो दुहेरी करून घेतला की पुरेसा मजबूत होतो. फोमची वीट मात्र प्लॅस्टिकच आहे. ती चुरून मातीत घालायची नाही, सुक्या कचऱ्यात द्यायची. छोट्या सेटअपला फोमऐवजी पाणी भरलेल्या उथळ भांड्यात तारेची जाळी बसवून देठ त्यात अडकवता येतात. थोडा वेळ जास्त जातो, पण जाळी धुऊन पुढच्या लग्नाला चालते आणि दर सेटअपमागे ३६० रुपयांची ती एक ओळ हिशेबातून निघून जाते.